रागाबद्दलची कविता: घरच्यांवर ओरडल्यानंतर लिहायला बसताना

पश्चात्तापाची कविता लिहिणारा नवखा माणूस बहुतेक वेळा एकाच जागी घसरतो. त्याला कबूल करायचं असतं एक, आणि कागदावर उतरतं भलतंच. मनात असते मंगळवारी सकाळची एक घटना. कागदावर येतं, 'मी किती वाईट आहे.' वाचणाऱ्याला मंगळवार कुठेच दिसत नाही, आणि ज्याच्यावर आपण ओरडलो ते माणूसही दिसत नाही. दिसतो फक्त कवी, स्वतःला झोडपून घेणारा.

मी स्वतः अशा दोन कविता लिहून फाडल्या आणि तिसरी ठेवली. त्या तिन्हींच्या आधारानेच हे लिहितो आहे, कारण कुठे काय बिघडलं ते मला त्यांतच नीट दाखवता येईल.

घटना छोटी होती. माझी मुलगी सात वर्षांची आहे. शाळेला निघायच्या वेळी तिच्या बुटाची लेस सुटली होती आणि ती स्वतः बांधत होती, कारण आदल्याच आठवड्यात ती शिकली होती. दोनदा चुकली. मी ओरडलो, 'रोज तुझ्यामुळे उशीर होतो,' आणि तिच्या हातातून लेस ओढून घेऊन मी बांधली. दुसऱ्या दिवशी मी उठलो तेव्हा ती दाराशी बूट घालून बसलेली होती. निघायला तास-सव्वा तास होता.

आधी जबानी, मग कविता

पहिल्या दिवशी कविता लिहूच नका. एक माणूस आणि एकच प्रसंग निवडा. 'मी आईवर फार चिडतो' हा प्रसंग नाही, ती सवय आहे, आणि सवयीची कविता हटकून पोकळ होते. 'आईने तिसऱ्यांदा विचारलं आणि मी हातातलं पुस्तक टेबलावर आदळलं' हा प्रसंग आहे. सवयीबद्दलच लिहायचं असेल तरी तिच्यातला एक दिवस उचला.

मग साध्या गद्यात दहा-बारा ओळी लिहा, चौकीत जबानी देतात तशा. किती वाजले होते. कोण कुठे उभं होतं. कुणाच्या हातात काय होतं. मी नेमकं काय म्हणालो, शब्दन् शब्द. समोरच्याने काय केलं. एवढंच. 'तिला वाईट वाटलं' हे जबानीत बसत नाही, कारण ते तुम्ही पाहिलेलं नाही. 'तिने पायाची बोटं आखडून घेतली' हे बसतं.

बोललेले शब्द लिहिताना हात अडखळतो. आपण ते आपोआप मऊ करतो. 'जरा मोठ्याने बोललो' असं लिहितो आणि खरं वाक्य गाळतो. ते वाक्य जसंच्या तसं लिहा, त्यातला अपशब्दही. कवितेत तो ठेवायचा की नाही हे नंतर ठरवता येतं, पण जबानीतून सुटलेलं वाक्य कवितेत परत येत नाही.

आता त्या वाक्यातलं खरं आणि खोटं वेगळं करा. रागाचे ठरलेले शब्द असतात: रोज, नेहमी, कधीच, तुझ्यामुळे, तुला काय कळतंय. प्रत्येकापाशी थांबून हिशेब करा. मी केला. 'रोज'? त्या आठवड्यात दोनदा उशीर झाला होता. 'तुझ्यामुळे'? त्या दिवशी गजर वाजला तेव्हा मी तो बंद केला आणि परत वाजला तेव्हा परत बंद केला. लेस बांधायला तिला जास्तीत जास्त दोन मिनिटं लागली असती. आमची पंधरा मिनिटं आधीच गेली होती, माझ्या उशीवर.

माझ्या अनुभवात, पश्चात्तापाच्या कवितेचा गाभा बहुधा याच हिशेबात सापडतो. आवाज चढला याचं दुःख खरं असतं, पण त्या चढलेल्या आवाजात आपण खोटं बोललो आणि समोरच्याने ते खरं मानलं, हे जास्त खोल लागतं. पहाटे बूट घालून बसलेल्या मुलीने 'तुझ्यामुळे' हा शब्द खरा धरला होता.

क्रियापदं तपासा

मराठीत लिहिणाऱ्यांनी इथे फार सावध राहायला हवं, कारण आपल्या भाषेत पळवाटा व्याकरणातच बांधलेल्या आहेत. 'मला राग आला' या वाक्यात कर्ता कोण? राग. तो आला, पाहुण्यासारखा, आणि मी नुसता घरात होतो. 'माझा तोल गेला.' 'तोंडातून शब्द निसटले.' 'माझ्याकडून ओरडलं गेलं.' या सगळ्या वाक्यांत मी कुठेतरी बाजूला बसलेला आहे आणि गोष्टी आपल्या आपण घडत आहेत.

ही वाक्यं चुकीची नाहीत. राग खरंच येतो, बोलावून आणावा लागत नाही. पण राग येणं आणि रागाने काही करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पश्चात्ताप दुसऱ्या गोष्टीचा असतो. म्हणून कवितेत 'राग आला' एकदा येऊ द्या हवं तर, पण त्याच्या पुढची क्रिया तुमच्या नावावर हवी.

त्यासाठी क्रियापदांच्या जोड्या उपयोगी पडतात. पेला पडला की पाडला? काच फुटली की फोडली? वही फाटली की फाडली? आपल्याकडे पुष्कळ कृत्यांसाठी निर्दोष आणि सदोष असं एकेक रूप तयार आहे, आणि घाईत लिहिताना हात निर्दोष रूपाकडे जातो. जबानी पुन्हा वाचा आणि अशा प्रत्येक जागी स्वतःला विचारा, ही वस्तू आपण होऊन हलली का?

आणखी एक बारीक गोष्ट. 'म्हणालो' लिहिलं की 'मी' गाळला तरी चालतो, कारण 'लो'मध्ये तो आहेच. पण 'लेस ओढली' यात ओढणारा दिसत नाही, क्रियापद लेशीबरोबर चालतं. मी ओढली, त्याने ओढली, कुणीही ओढली. म्हणून 'ओढली', 'बांधली', 'आपटलं', 'फेकलं' अशा क्रियापदांशेजारी 'मी' हा शब्द लिहाच. कवितेत मी-मी फार झालं असं वाटून तो काढायचा मोह होतो. माझ्या दुसऱ्या खर्ड्यात तसंच झालं होतं:

सकाळची घाई, डोक्यावर कामाचं ओझं,
आणि माझा तोल गेला.
शब्द निसटले तोंडातून,
तुला लागले असतील तर

पुढची ओळ लिहिलीच नाही, कारण 'असतील तर'पाशी मलाच लाज वाटली. ते लागले होते. मी पाहिलं होतं. आणि त्या चार ओळींत ओरडणारा माणूसच नाही, सगळं घाईने आणि ओझ्याने केलेलं आहे.

मग घाईचं काय करायचं? ती खरी होती. ती गाळली तर कविता खोटी होते, कारण बाप उगाच ओरडला असं दिसतं. ठेवली तर सबब होते. फरक पडतो तो 'पण'मुळे. 'मी ओरडलो, पण उशीर होत होता' यात 'पण'नंतरचं वाक्य आधीचं पुसून टाकतं. 'उशीर होत होता. मी ओरडलो.' यात दोन्ही उभी राहतात आणि शेवटचा शब्द माझ्या कृत्याला मिळतो. कारण आधी, कृत्य नंतर, मध्ये पूर्णविराम. आणि कारणाला एकच ओळ. दुसरी ओळ दिलीत की वकिली सुरू झाली समजा.

विशेषणं आणि स्वतःला दिलेल्या शिव्या

आता पहिला खर्डा, जो मी सगळ्यात आधी आणि सगळ्यात सहज लिहिला:

मी क्रूर, मी दगडाच्या काळजाचा,
तुझ्या फुलासारख्या मनावर घातला घाव.
माझ्यासारख्या बापाला
नाही माफीचा अधिकार.

लिहिताना रडू आलं होतं, म्हणून ही प्रामाणिक आहे असं मला वाटलं. ती प्रामाणिक नाही. तिच्यात लेस नाही, गजर नाही, 'रोज' नाही. याच चार ओळी दुसरा कुठलाही बाप, आई, भाऊ स्वतःबद्दल लिहू शकतो. शिवाय ती आकाराने चुकीची आहे. मी एक खोटं वाक्य बोललो आणि लेस ओढली. ते वाईट होतं, पण ते 'क्रूर' आणि 'दगडाचं काळीज' एवढं नव्हतं. कृत्यापेक्षा मोठी शिवी स्वतःला दिली की वाचणारा आपोआप आपली बाजू घेतो, 'एवढं काही नाही हो' म्हणतो, आणि खरं होतं तेवढंही मग माफ होऊन जातं.

त्याहून वाईट म्हणजे 'मी क्रूर आहे' या वाक्यापुढे काही करता येत नाही. क्रूर असणं ही जात झाली. ती बदलायची कशी? 'मी लेस ओढली' यापुढे करता येण्यासारखं पुष्कळ आहे, उद्या ती न ओढणं इथपासून. म्हणून साधा नियम पाळतो: 'मी'च्या पुढे नाम किंवा विशेषण आलं तर खोडायचं, क्रियापद आलं तर ठेवायचं.

खोडताना एक परीक्षा घ्या. ज्या माणसाबद्दल कविता आहे त्याने ही ओळ वाचली तर त्याला 'नाही बाबा, तू वाईट नाहीस' असं म्हणावं लागेल का? लागत असेल तर ती ओळ त्याच्याकडून समजूत मागते आहे. ज्याला लागलं त्यालाच मलम लावायला बसवणं हा त्याच रागाचा दुसरा फेरा आहे, फक्त आवाज खालचा.

इथे आपल्या कानांवर असलेल्या भक्तिकवितेचाही विचार करावा लागतो. संतांच्या अभंगांत 'पतित', 'पापी', 'अपराधी' हे शब्द वारंवार येतात आणि तिथे ते खरे लागतात, कारण ऐकणारा देव आहे. त्याला त्या शब्दांनी इजा होत नाही, त्याला कुणाची समजूत काढायचं ओझं होत नाही, आणि बोलणाऱ्याचं सगळं आयुष्य त्याच्यापुढे ठेवलेलं असतं. तोच सूर उचलून बायकोला, आईला किंवा सात वर्षांच्या मुलीला ऐकवला की तो जड होतो. सूर तोच, ऐकणारा वेगळा, म्हणून अर्थ बदलतो. देवाला उद्देशून लिहायचं असेल तर जरूर लिहा, पण मग ज्याच्यावर ओरडलात त्याचं कवितेत काय होतं याकडे लक्ष ठेवा. देवाशी बोलता बोलता ते माणूस सहज गळून जातं.

छंद की मुक्तछंद

पहिल्या प्रयत्नाला मुक्तछंद बरा. यमक खोटं बोलायला लावतं. 'राग'ला 'आग' लागते, 'चूक'ला 'मूक', आणि आपण न झालेल्या आगीबद्दल लिहायला लागतो. अष्टाक्षरीत, म्हणजे ओळीत आठ अक्षरं मोजून, मी करून पाहिलं. 'तुझी लेस सुटलेली' ही बरोबर आठ अक्षरं, आणि वाक्य खरं. पण 'निरागस मन तुझे' हीसुद्धा बरोबर आठच. मोजणीने ओळ घट्ट होते, खरी होत नाही. छंद हातात बसलेला असेल त्यांनी तो वापरावा, एवढीच अट, की अक्षरं कमी पडली म्हणून विशेषण भरायचं नाही.

संबोधन मात्र आधी ठरवा. 'तू' म्हणायचं की 'ती'? 'तू'मुळे लपायला जागा राहत नाही, म्हणून मी तेच सुचवतो. त्यात धोका एवढाच की आपण त्या माणसाला त्याच्या मनातलं सांगायला लागतो: 'तू घाबरलीस', 'तू मनातल्या मनात रडलीस', आणि सगळ्यात वाईट, 'तू मला कधीच माफ केलंस'. त्याच्या मनावर तुमचा हक्क नाही. त्याने जे केलं आणि तुम्हाला दिसलं तेवढं लिहा.

तिसरा खर्डा

सात वाजून वीस

तुझी लेस सुटलेली होती.
तू खाली बसून पहिला फास केलास,
दुसरा बोटांतून निसटला,
तू पुन्हा पहिल्यापासून सुरू केलंस.

मी किल्ली हातात घेऊन उभा होतो.
मी गजर दोनदा बंद केला होता.
हे तुला माहीत नव्हतं.

मी म्हणालो, रोज तुझ्यामुळे उशीर होतो.
रोज नाही. त्या आठवड्यात दोनदा.
तुझ्यामुळे नाही.
मी तुझ्या हातातून लेस ओढली
आणि इतकी घट्ट बांधली
की तू बुटाच्या आत बोटं आखडलीस.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता
तू दाराशी बसली होतीस, बूट घालून,
लेशींची टोकं आत खोचून.

आज मी तुझ्यासमोर जमिनीवर बसलो.
पहिला फास. दुसरा फास. निसटला.
पुन्हा पहिला.
घड्याळाकडे माझी पाठ होती.

काय कुठे आहे ते पाहा. घाई आहे, पण ती किल्लीत आणि गजरात आहे, 'ओझं' या शब्दात नाही. 'रोज नाही' आणि 'तुझ्यामुळे नाही' या दोन ओळी थेट जबानीच्या हिशेबातून उचलल्या. बुटाच्या आत आखडलेली बोटं मला बाहेरून दिसली होती, बुटाचं कापड हललं होतं. ती ओळ लिहायची की नाही यावर मी बराच वेळ अडलो होतो, कारण ती वाचताना मला अजूनही कसंतरी होतं. ठेवली, कारण माझ्या गाठीचा जोर दुसऱ्या कशातच दिसत नव्हता.

शेवट करताना दोन मोह होतात. एक मिठीचा: सगळं गोड झालं, तिने गळ्यात हात टाकले. असं झालं असेल तरी ती तिची गोष्ट आहे, तुमच्या कवितेला बक्षीस म्हणून वापरू नका. दुसरा शपथेचा: 'पुन्हा कधीच ओरडणार नाही'. 'कधीच' हा रागाचाच शब्द, उलट्या बाजूने आलेला, आणि पुढच्या पंधरवड्यात तो मोडला की कविताही मोडते. त्याऐवजी एक छोटी कृती लिहा, शक्यतो आधीच केलेली. मी आधी तिच्यासमोर बसलो आणि मग ती ओळ लिहिली. उलटं केलं असतं, तर 'बसेन' असं लिहून मी मोकळा झालो असतो.

लिहून झाल्यावर दोन-तीन दिवस बाजूला ठेवा आणि मग मोठ्याने वाचा. जिथे आवाज आपोआप कापतो, रडका होतो, ती ओळ संशयित. खरी ओळ वाचताना आवाज बहुधा सपाट होतो आणि वेग कमी होतो.

ज्या रागाबद्दल ही कविता लिहायची नसते

घरच्यांवरचा सगळाच राग पश्चात्तापाचा नसतो. घरात कुणी तुम्हाला मारत असेल, सतत अपमान करत असेल, आणि एक दिवस तुम्ही ओरडून 'आता बास' म्हणालात, तर त्या 'बास'बद्दल माफी मागणारी कविता लिहू नका. जबानी लिहिताना हे कळतं. खरं-खोटं वेगळं करताना तुमच्या वाक्यात खोटं काही सापडतच नाही आणि तुम्ही कुणाला इजाही केलेली नसते. मग ती दुसरी कविता आहे. मिसळ झालेली असेल, म्हणजे राग योग्य होता पण त्यात तुम्ही लहान भावालाही ओढलंत, तर फक्त भावापुरतं लिहा.

उलट बाजूला, हात उचलला असेल, आणि तो परत उचलला जाईल अशी भीती असेल, तर कवितेच्या आधी घरातल्या माणसांची सुरक्षितता पाहा आणि मदत घ्या. आणि लिहिता लिहिता स्वतःला संपवावं, इजा करावी असे विचार येऊ लागले, तर वही मिटून त्याच दिवशी जवळच्या माणसाशी किंवा समुपदेशकाशी बोला. ते विचार कवितेत घट्ट करायचे नसतात.

कविता द्यायची का

मोठ्या माणसाला देता येते, पण आधी विचारून, आणि माफी वेगळी मागून झाल्यावर. कविता म्हणजे माफी नव्हे. कवितेला दाद द्यावी लागते, आणि ज्याच्यावर आपण ओरडलो त्याच्याकडून दाद घेणं अवघड जागी बसवण्यासारखं आहे. तुमच्या भांडणात त्याचं काही खाजगी उघडं पडत असेल तर ती दुसऱ्या कुणालाही दाखवू नका.

लहान मुलाला देऊच नये. मुलीला मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साध्या वाक्यांत सांगितलं, 'काल उशीर माझ्यामुळे झाला होता, मी उशिरा उठलो होतो. मी तुझ्यामुळे म्हणालो ते खोटं होतं.' तिने विचारलं, 'आणि परवा?' मी आठवून पाहिलं आणि म्हणालो, 'परवाही माझ्यामुळेच.' कवितेतली 'त्या आठवड्यात दोनदा' ही ओळ मी त्यानंतर लिहिली.